एक वाटी भात, एक हापूस आणि ग्लायसेमिक लोडचा हिशोब

प्रश्न: बाबांना आठ वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत. घरात आंबा आणायचा नाही असा आईचा नियम, पण भात मात्र रोज दोन्ही वेळा. मी ग्लायसेमिक लोड, म्हणजे एका वाढपाने रक्तातली साखर किती चढेल याचा आकडा, काढायचा प्रयत्न केला. तांदळात १०० ग्रॅमला ७८ ग्रॅम कर्बोदकं, सुरती कोलमचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ७७, वाटीभर भात १५० ग्रॅम, म्हणून ९०. आंब्यात १५ ग्रॅम कर्बोदकं, जीआय ५१, एक हापूस २५० ग्रॅम, म्हणून १९. भाताचे ९० बघून घाबरायला झालं. हे बरोबर आहे का? आणि मग बाबांना आंबा देता येईल का?

उत्तर:

सूत्र तुम्ही बरोबर वापरलंय आणि जीआयचे दोन्ही आकडेही चांगल्या ठिकाणचे आहेत. चूक कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये झाली आहे, ती दोन्हीकडे झाली आहे आणि दोन्हीकडे वेगळ्या कारणाने. भाताचा खरा आकडा ३२ च्या आसपास आहे, आंब्याचा ११ ते १३. बाबांना आंबा देता येईल, पण तो भाताच्या जागी द्यायचा, भाताच्या जोडीला नाही. आता हे आकडे कसे आले ते सांगते, कारण एकदा पद्धत हातात आली की पोह्यांपासून पुरणपोळीपर्यंत तुम्ही स्वतःच काढाल.

आधी ९० बद्दल. आकडा अवाच्या सवा आला की तो ताडून बघायची एक सोपी पद्धत आहे. शुद्ध ग्लुकोजचा जीआय १०० धरलेला आहे. म्हणजे ५० ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायलं तर त्याचा लोड ५० होतो. लोड ९० याचा अर्थ एका वाटी भाताने बाबांच्या शरीरावर ९० ग्रॅम ग्लुकोज प्यायल्याइतका भार पडला. साखरेच्या तपासणीत लॅबमध्ये जे ग्लुकोज प्यायला देतात ते ७५ ग्रॅम असतं. वाटीभर भात त्याच्याही पुढे जाणं शक्य नाही. जेवणातल्या एका पदार्थाचा लोड पन्नासच्या वर गेला की मी आधी वजन तपासते, मग बाकीचं.

तुम्ही ७८ हा आकडा कोरड्या तांदळाचा घेतला आणि तो शिजलेल्या भाताच्या वजनाला लावला. शिजताना तांदूळ पाणी पितो. कर्बोदकं तेवढीच राहतात, वजन मात्र अडीच ते तीन पट होतं. किती पट ते तुमच्या पातेल्यावर, पाण्याच्या मापावर आणि तांदूळ जुना की नवा यावर ठरतं, म्हणून कोणाचा तरी तयार आकडा घेण्यापेक्षा एकदा घरीच मोजा. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल वजनकाटा पुरतो.

रिकामं पातेलं आधी काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहून ठेवा. कोरडा तांदूळ मोजा, समजा २०० ग्रॅम. धुवा, नेहमीसारखा शिजवा. पाणी पूर्ण आटलं की पातेल्यासकट वजन घ्या आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. माझ्याकडे कोलमचा २०० ग्रॅम तांदूळ शिजून ५७० ग्रॅम होतो. २०० ग्रॅम तांदळात ७८ टक्क्यांनी १५६ ग्रॅम कर्बोदकं. तीच १५६ आता ५७० ग्रॅम भातात पसरली आहेत, म्हणजे १०० ग्रॅम भातात साधारण २७. तुमच्या १५० ग्रॅमच्या वाटीत ४१. आता सूत्र लावा:

लोड = जीआय × उपलब्ध कर्बोदकं (ग्रॅम) ÷ १००
भात: ७७ × ४१ ÷ १०० = ३१.६, म्हणजे ३२

हा मोजणीचा खटाटोप तांदूळ बदलला तरच पुन्हा करायचा. तुमच्या घरी भात वेळून, म्हणजे जास्तीच्या पाण्यात शिजवून पेज काढून करत असतील, तर थोडं पिष्ट पेजेबरोबर निघून जातं आणि खरा आकडा याहून जरा कमी भरतो. पण ती पेज बाबाच पिणार असतील तर काहीच कमी झालेलं नाही.

लोडच्या पट्ट्या अशा आहेत: एका वाढपाचा लोड १० किंवा त्याहून कमी तो कमी, ११ ते १९ मध्यम, २० किंवा त्याच्या पुढे जास्त. म्हणजे तुमची ९० ची भीती चुकीची होती, पण वाटीभर भात जास्तच्या पट्टीत आहे हे खरंच आहे.

आणि 'वाटी' या शब्दापाशी थोडं थांबावं लागेल. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, घरातली वाटी बरोबर आणा. एक काका स्टीलची वाटी घेऊन आले, रोज दुपारी 'एकच वाटी' भात खातो म्हणाले. मी ती पाण्याने भरून मोजली, २४० मिलीची निघाली. मग भात दाबून भरला, जसा घरी वाढतात तसा, वर थोडा ढीग. काट्यावर २१० ग्रॅम. म्हणजे कर्बोदकं साडेसत्तावन्न ग्रॅम आणि लोड ४४. त्यांच्या लेखी ती एकच वाटी होती आणि ते खोटं बोलत नव्हते. मी लिहून दिलेल्या कागदावर तेव्हापासून 'वाटी' हे माप नसतं, ग्रॅम असतात, आणि पहिले आठ दिवस भात ताटात वाढण्याआधी काट्यावर ठेवायला सांगते. आठ दिवसांत डोळा बसतो.

आता आंबा. इथे तुमच्या हिशोबात दोन गोष्टी शिरल्या. एक तर २५० ग्रॅम हे अख्ख्या फळाचं वजन आहे. साल आणि कोय कोणी खात नाही. अडीचशे ग्रॅमचा हापूस सोलून कोय बाजूला केली की मला साधारण १५५ ग्रॅम गर मिळतो. कोय चोखून खाल्ली तर आणखी थोडा. फळागणिक फरक पडतो, म्हणून एकदा साल आणि कोय एकत्र मोजून अख्ख्या वजनातून वजा करून बघा.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, आणि यात चांगले शिकलेले लोकही अडकतात. लोडच्या सूत्रात जी कर्बोदकं घालायची ती 'उपलब्ध' कर्बोदकं, म्हणजे जी लहान आतड्यात पचून रक्तात साखर म्हणून येतात ती. तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, त्यात मोजायचे नाहीत. प्रश्न असा की तुम्ही ज्या तक्त्यातून आकडा घेतला त्यात फायबर आधीच वगळलेलं आहे की नाही.

तुमचा तांदळाचा ७८ हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातला असणार. आंब्याचा १५ हा अमेरिकी शेतीखात्याच्या तक्त्यातला दिसतो. या दोन तक्त्यांची रीत वेगळी आहे. ओळखायचं कसं ते सांगते. तक्त्यातले १०० ग्रॅमचे घटक बेरीज करून बघा. आपल्या तक्त्यात कच्च्या पांढऱ्या तांदळाचं पाणी ९.९३, प्रथिनं ७.९४, स्निग्ध ०.५२, राख ०.५६, फायबर २.८१ आणि कर्बोदकं ७८.२४. सगळं मिळून बरोबर १००. म्हणजे १०० भरायला फायबर वेगळं धरावं लागलं, अर्थात ७८.२४ मध्ये फायबर नाही. हे आकडे थेट वापरायचे. अमेरिकी तक्त्यात आंब्याचं पाणी ८३.४६, प्रथिनं ०.८२, स्निग्ध ०.३८, राख ०.३६ आणि कर्बोदकं १४.९८. इथे फायबर न घेताच १०० पूर्ण झाले. म्हणजे त्याचं १.६ ग्रॅम फायबर त्या १४.९८ च्या पोटात आहे आणि ते काढून टाकायचं. उरतात १३.४.

तांदूळ आणि आंब्यात हा फरक लहान आहे, कारण दोघांतही फायबर थोडंच असतं. पण हीच चूक राजम्यात किंवा हरभऱ्यात केली तर लोड बराच पुढेमागे होतो. कोणी आपल्या तक्त्यातून पुन्हा एकदा फायबर वजा करतं, कोणी अमेरिकी तक्त्यातून करायचं विसरतं. बेरजेची ही ताडणी एका मिनिटाची आहे, ती करूनच पुढे जा. बाहेरून आणलेल्या पाकिटांवरही हाच घोळ असतो: युरोपातल्या लेबलावर कर्बोदकांत फायबर धरत नाहीत, अमेरिकेतल्या लेबलावर धरतात.

तर आंब्याचा हिशोब: १५५ ग्रॅम गर, १३.४ टक्क्यांनी जवळजवळ २१ ग्रॅम उपलब्ध कर्बोदकं, गुणिले ५१, भागिले १००, लोड ११. पण तो अमेरिकी आकडा तिथल्या बाजारातल्या आंब्यांचा आहे आणि चांगला पिकलेला हापूस त्याहून गोड असतो. डबाबंद हापूस रसाच्या व्यापारात किमान १६ ब्रिक्सची, म्हणजे १०० ग्रॅम रसात १६ ग्रॅम विरघळलेल्या पदार्थांची, अट असते. ब्रिक्समध्ये साखरेबरोबर आंबट आम्लं आणि इतर विरघळलेले पदार्थही येतात, पण बहुतांश साखरच. म्हणून हापूससाठी मी १०० ग्रॅम गराला १६ ग्रॅम धरते. म्हणजे १५५ ग्रॅमला २५, आणि लोड १३. तुम्ही १३ धरून चला, साखरेच्या माणसासाठी हिशोब थोडा वरच्या बाजूला चुकलेला बरा.

आता तुमच्या मनात येईल की एवढा गोड आंबा १३ आणि फिका भात ३२, हे कसं? निम्मं उत्तर वजनात आहे, भाताच्या वाटीत कर्बोदकंच जास्त आहेत, ४१ विरुद्ध २५. उरलेलं निम्मं जीआयमध्ये आहे, आणि ते समजायला जीआय मोजतात कसा हे डोळ्यासमोर आणावं लागतं.

ही कल्पना १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. दहा किंवा जास्त निरोगी माणसं रात्रभर उपाशी ठेवून सकाळी बोलावतात. प्रत्येकाला तपासायच्या पदार्थाचं इतकं वाढप देतात की त्यात नेमकी ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदकं असतील. मग बोटाला टोचून पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद आणि एकशेवीस मिनिटांनी रक्तातली साखर बघतात. उपाशी पातळीच्या वर जो उंचवटा येतो त्याखालचं क्षेत्रफळ काढतात. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन त्याचं क्षेत्रफळ काढतात. पहिल्याचं दुसऱ्याशी टक्क्यात प्रमाण, आणि त्या सगळ्या माणसांची सरासरी, म्हणजे जीआय. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने अशाच पद्धतीने आपल्याकडचे तांदूळ तपासले, त्यात सुरती कोलम ७७, सोना मसुरी ७२ आणि पोन्नी ७० च्या आसपास आला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी भात लागतो साधारण १८० ग्रॅम, आणि हापूसचा गर लागेल ३१० ग्रॅमच्या घरात, म्हणजे दोन आंबे. जीआयच्या चाचणीत दोघांना समान कर्बोदकांवर आणून मग तुलना होते. ताटात मात्र कोणी समान कर्बोदकं वाढून घेत नाही. ही तफावत भरून काढायलाच १९९७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी लोड हे माप आणलं. जीआय सांगतो की या पदार्थाची कर्बोदकं रक्तात किती जोराने साखर चढवतात, आणि लोड त्याला तुमच्या वाढपाच्या आकाराने गुणतो. वाढप निम्मं केलं तर जीआय तोच राहतो, लोड निम्मा होतो.

आंब्याचा जीआय कमी का, तर त्यातल्या साखरेचा बराच भाग फ्रुक्टोज आहे, थोडा सुटा आणि बाकीचा साध्या साखरेच्या रेणूत ग्लुकोजला जोडलेला. फ्रुक्टोज रक्तातलं ग्लुकोज थेट फारसं वाढवत नाही, ते यकृताकडे जातं. ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज बघतो, आणि जीआयची चाचणीही तेच बघते. म्हणून आंब्याचा लोड कमी दिसतो तो खोटा नाही, पण तो पूर्ण गोष्टही नाही. फ्रुक्टोजचं काम यकृताला करावंच लागतं. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आहेत किंवा सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे, त्यांना मी 'लोड १३ आहे ना, मग रोज तीन खा' असं कधीच सांगत नाही. बाबांचे शेवटचे लिपिड रिपोर्ट काढून बघा.

भाताचा जीआय जास्त का, तर तो जवळजवळ सगळाच पिष्ट आहे आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच माळा. तांदळाची जात इथे फरक पाडते. माळा सरळ असतील, म्हणजे अॅमायलोज जास्त असेल, तर भात मोकळा होतो आणि सावकाश पचतो. माळांना फांद्या जास्त असतील तर भात मऊ, चिकट होतो आणि भराभर पचतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या एका अभ्यासात २३५ जातींचे जीआय ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेले होते, आणि आपल्याकडची स्वर्णा ही जात कमी जीआयच्या टोकाला होती. म्हणून 'भाताचा जीआय' असा एकच आकडा धरणं बरोबर नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर यांसारखा मऊ होणारा तांदूळ घरात असेल तर मी ७७ पेक्षा कमी धरत नाही.

तक्त्यातून जीआय घेताना आणखी एक खबरदारी. काही जुन्या तक्त्यांत ग्लुकोजऐवजी पांढरा ब्रेड १०० धरलेला आहे. त्या मापाने सगळे आकडे साधारण १.४ पटीने फुगतात. भाताचा जीआय १०० च्या पुढे दिसला तर तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि ब्रेडचं माप असेल तर ०.७ ने गुणून घ्या.

पण तांदळाच्या जातीवर फार डोकं शिणवण्याआधी एक हिशोब करून बघा. जीआयच्या एका प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय यादीत पांढऱ्या भाताची सरासरी ७३ आहे, ब्राऊन राइसची ६८. तुमच्या ४१ ग्रॅम कर्बोदकांवर हा बदल लोडला ३० वरून २८ वर आणतो. आणि पांढराच भात १५० ऐवजी १०० ग्रॅम वाढला तर? कोलम धरूनही लोड २१. तांदूळ बदलून दोन मिळाले, डाव कमी करून अकरा. महागडा तांदूळ आणून तोच भात दोनदा घेणारे लोक मी रोज बघते.

शिळ्या भाताचंही तसंच. भात शिजवून थंड केला की थोड्या पिष्टाची रचना बदलते आणि ते पचत नाही, फायबरसारखं पुढे जातं. हे खरं आहे, पण प्रमाण बघा: पांढऱ्या भातावरच्या एका अभ्यासात ताज्या भातात असं न पचणारं पिष्ट १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होतं, फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५. म्हणजे एक ग्रॅमची भर. तुमच्या वाटीत उपलब्ध कर्बोदकं ४१ ची साडेएकोणचाळीस होतील. जीआयही थोडा उतरतो, पण याच्या भरवशावर वाटी मोठी करायची नाही. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवून हा प्रयोग कोणी करू नये, शिजलेल्या भातात वाढणारे जंतू पुन्हा गरम केल्यावरही त्रास देऊ शकतात. लवकर गार करून फ्रिजमध्येच ठेवा.

आता बाबांच्या ताटाकडे येऊ. एका जेवणात अनेक पदार्थ असतील तर प्रत्येकाचा लोड काढून बेरीज करायची. जीआयची सरासरी काढायची नाही, कारण त्यात वजनं हरवतात. वाटीभर भात ३२, त्यावर अख्खा हापूस १३, एकूण ४५. हे मला चालणार नाही. अर्धी वाटी, म्हणजे ७५ ग्रॅम भात १६, आणि अख्खा हापूस १३, एकूण २९. हे एका वाटी भाताहून थोडं कमीच. किंवा त्या जेवणात भातच नको, वरण, भाजी, एक पोळी आणि नंतर अर्धा आंबा. तुमच्या आईंना हे पटवायला सोपं जाईल: आंबा ताटात आला की भाताचा अर्धा डाव ताटाबाहेर जातो.

आमरसाला मात्र हा हिशोब चालत नाही. रसाच्या मोठ्या वाटीत एकाहून जास्त फळ सहज बसतं. २०० ग्रॅम रसात ३२ ग्रॅम कर्बोदकं, लोड १६. त्यात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर घातली की साखरेच्या ६५ जीआयने आणखी साडेसहा. वाटी रिकामी व्हायच्या आत २३ झाले आणि पुऱ्या अजून मोजल्याच नाहीत. शिवाय फोडी चावून खाताना माणूस एका फळाशी थांबतो, रसात थांबत नाही. बाबांना फोडी द्या.

वरण, दही, तूप, शेंगदाणे याने जेवणाचा परिणाम खाली येतो का? हो, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे साखरेचा उंचवटा बुटका आणि पसरट होतो. लोडच्या बेरजेत हे दिसत नाही. म्हणूनच बेरजेचा आकडा मी वरची मर्यादा म्हणून वापरते, आणि दशांश चिन्हानंतरचे आकडे कधीच लिहीत नाही. आंब्याच्या जीआयचे वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे चाळिशीच्या सुरुवातीपासून साठपर्यंत आहेत. २५ ग्रॅम कर्बोदकांवर याचा अर्थ लोड १० ते १५. भाताचा ७० ते ७७ धरला तर २९ ते ३२. दोन पदार्थांच्या लोडमध्ये दोनतीनचा फरक असेल तर तो फरक नाहीच असं समजा. भात आणि आंब्यातला फरक मात्र या सगळ्या चुकांना पुरून उरतो.

एका बाबतीत लोड वापरायचाच नाही. बाबांच्या फक्त गोळ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण उद्या जेवणाआधीचं इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी कर्बोदकं मोजून युनिट घ्यायला शिकवलं, तर तिथे कर्बोदकांचे ग्रॅमच धरायचे. वरचंच उदाहरण बघा: वाटीभर भातात ४१ ग्रॅम कर्बोदकं. अर्धी वाटी भात आणि एक आंबा, यात साडेवीस अधिक पंचवीस, म्हणजे ४५ च्या पुढे. लोड उतरला आहे पण कर्बोदकं चढली आहेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांची अदलाबदल करायची नाही.

शेवटी बाबांचं शरीर या आकड्यांशी किती जुळतं ते ग्लुकोमीटरवर बघा, कारण जीआय ही दहा निरोगी माणसांची सरासरी आहे आणि बाबा त्या दहांतले नाहीत. एका दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी १५० ग्रॅम भात आणि नेहमीचं वरण द्या. खाण्याआधी, पहिला घास घेतल्यापासून एका तासाने आणि दोन तासांनी साखर बघून लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ७५ ग्रॅम भात, तेवढंच वरण आणि एक मोजलेला आंबा. गोळ्यांची वेळ आणि चालणं दोन्ही दिवशी सारखं ठेवा, आणि आदल्या रात्रीचं जेवणही. खाण्याआधीची साखर दोन्ही दिवशी वेगळी असेल, म्हणून शेवटच्या आकड्याची तुलना करू नका, किती चढली ते बघा. घरच्या मशीनमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक मान्य असते, म्हणजे १८० च्या जागी १५५ किंवा २०५ ही दिसू शकतं. म्हणून ही जोडी तीनदा करा आणि तिन्हीची सरासरी घ्या. एका तासाचा आकडा चुकवू नका, भाताचा उंचवटा बहुतेकदा तिथेच सापडतो आणि दोन तासांपर्यंत उतरायला लागलेला असतो. सहा दिवसांचा कागद तयार झाला की तो बाबांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यावर भाताचे ग्रॅम आणि आंब्याच्या गराचे ग्रॅम दोन्ही लिहिलेले असू द्या.